धष्टपुष्ट बाळाची भूक

ज्या जिल्ह्यात नवजात बाळाचे वजन अडीच किलो भरले की सुईणीपासून वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत साऱ्यांचा जीव भांड्यात पडतो, त्या जिल्ह्यात चार किलोच्या बाळाविषयी कोणाच्या मनात शंका यावी असे काही कारणच नव्हते. मी परिचारिका म्हणून शासकीय सेवेत रुजू झाले तेव्हा नंदुरबार हा धुळे जिल्ह्याचा एक तालुका होता. १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, तरी आमच्या छापील नोंदवह्यांच्या माथ्यावरचे ‘धुळे’ पुढे कित्येक महिने आम्ही शाईने खोडत होतो. त्या नोंदवह्यांतील वजनाचा रकाना हा आमच्या कामाचा ताळेबंद होता. अक्कलकुवा, मोलगी, धडगाव या भागांतून येणाऱ्या बाळांचे आकडे पावणेदोन, दोन, सव्वादोन असे उतरत असत, आणि त्या आकड्यांच्या धास्तीत आमची उमेदीची वर्षे गेली. कृश बाळाला थंडी वाजते, ते ओढून पीत नाही, त्याच्या रक्तातील साखर उतरते, हे आम्हांला मुखोद्गत होते. गुबगुबीत बाळाचीही साखर उतरते, आणि बहुधा अधिक लवकर उतरते, हे मात्र पुस्तकात वाचूनही मनावर ठसलेले नव्हते. ते ठसवण्यासाठी एक रात्र खर्ची पडली, आणि ती माझी नव्हे तर एका बाळाची होती, ही गोष्ट प्रारंभीच सांगून टाकणे बरे.

जिल्हा होऊन दोन-तीन वर्षे लोटली असतील. मी तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला होते. मध्यरात्रीच्या सुमारास एक बाई अडल्या अवस्थेत आली. डोके बाहेर आले आणि खांदे अडकले, तेव्हा डॉक्टरसाहेबांनी मोठ्या शिताफीने ते बाळ सोडवले. काट्यावर घातले तर ४ किलो १०० ग्रॅम. आमच्या मदतनीस मावशींनी काटा पुन्हा शून्यावर आणून खातरजमा केली. लालबुंद, गोल गालांचे, केसाळ कानांचे ते बाळ पाहण्यासाठी शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून आल्या, आणि मुलाची आजी तर दृष्ट लागेल म्हणून त्याचे तोंड झाकू लागली. आईला टाके घालायचे होते, रक्तस्रावही बराच झाला होता. त्यामुळे बाळ पुसून, दुपट्यात गुंडाळून आजीच्या मांडीवर दिले आणि आम्ही सारे आईच्या मागे लागलो. बाळ स्वस्थ निजले होते. “कसं शहाणं आहे, रडतसुद्धा नाही,” असे मीच म्हणाल्याचे मला आजही आठवते.

तीन तासांनी आजीने हाक मारली. बाळाचे हात थरथरत होते. थंडीने थरथरत असेल म्हणून मी त्याचा हात मुठीत धरला. नुसती थरथर असती तर ती धरल्याबरोबर थांबली असती, परंतु माझ्या मुठीतही तो हात एका लयीत आचके देतच राहिला, ओठांभोवती निळसर छटा आली, आणि डोळे एका बाजूला वळून स्थिर झाले. ती आकडी होती. त्या काळी आमच्याकडे आकडा दाखवणारे यंत्र नव्हते. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा, ठरावीक वेळाने पुसायचा आणि डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा, असा शिरस्ता होता. पट्टीचा रंग सर्वांत खालच्या, म्हणजे २० च्या चौकोनाशीही नीट जुळेना.

डॉक्टरसाहेबांनी दहा टक्क्यांचे डेक्स्ट्रोज मागितले. ते नव्हते. पाच टक्क्यांची मोठी बाटली होती आणि पंचवीस टक्क्यांच्या कुप्या होत्या. पंचवीस टक्क्यांचे द्रावण नवजात बाळाच्या नाजूक शिरेत तसेच सोडणे धोक्याचे. तेव्हा साहेबांनी उभ्याउभ्या हिशेब सांगितला, तो मी पुढे किती मुलींना शिकवला याची गणती नाही. पंचवीस टक्क्यांचा एक भाग आणि पाच टक्क्यांचे तीन भाग एकत्र केले की दहा टक्क्यांचे द्रावण होते. बाळाला किलोमागे २ मिलिलिटर, म्हणजे एकूण ८ मिलिलिटर द्यायचे होते. म्हणून सिरिंजमध्ये २ मिलिलिटर कुपीतले आणि ६ मिलिलिटर बाटलीतले ओढून ते शिरेतून सावकाश दिले. त्यानंतर तेच मिश्रण नळीच्या डब्यात शंभर मिलिलिटर करून, साठ थेंबांना एक मिलिलिटर भरणाऱ्या बारीक थेंबांच्या नळीने मिनिटाला १५ थेंबांवर लावले, आणि सकाळपर्यंत ते थेंब मी मनगटावरच्या घड्याळाशी मोजत बसले. आकडी थांबली. सकाळी आईचे रक्त तपासले, तर तिची साखर २०० च्या वर निघाली. नऊ महिन्यांत ती कोणी एकदाही तपासली नव्हती; बाई अंगाने सडपातळ, दोन हंडे डोक्यावर घेऊन टेकडी चढणारी; तिला मधुमेह असेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

ते बाळ जगले. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीला आले तेव्हा मी हौसेने त्याच्यापुढे किल्ल्यांचा जुडगा हलवला. आवाजाच्या दिशेने त्याने मान वळवली, पण नजर किल्ल्यांवर ठरली नाही. साखर फार काळ फार खाली राहिली तर मेंदूच्या मागच्या भागाला, जेथे पाहण्याचे काम चालते, तेथे इजा होऊ शकते हे मी नंतर वाचले. त्या बाळाच्या बाबतीत अडलेल्या बाळंतपणाचाही वाटा असू शकेल, आणि नेमके कारण कोणते हे छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकणार नाही. तथापि ते तीन तास आजीच्या मांडीवर गेले होते आणि मी त्याला शहाणे म्हटले होते, एवढे मला ठाऊक आहे.

असे का होते, हे मला नीट उमगले ते पुढे एका बालरोगतज्ज्ञ मॅडमच्या हाताखाली काम करताना. कोपनहेगनच्या पेडरसन नावाच्या वैद्याने गेल्या शतकाच्या मध्यास ही मीमांसा मांडली, असे त्या सांगत. आईच्या रक्तातील साखर वारेतून बाळाकडे मोकळेपणाने जाते, परंतु आईचे इन्सुलिन जात नाही. म्हणून आईची साखर वाढली की पोटातल्या बाळाला ती जिरवण्यासाठी स्वतःचेच इन्सुलिन अधिकाधिक तयार करावे लागते, आणि ती जास्तीची साखर चरबीच्या रूपाने त्याच्या अंगावर चढते. येथवर मला पुस्तकानेही समजावले होते. पण मॅडम नंदुरबारच्या होत्या, आणि त्यांनी उदाहरण दिले ते मिरचीच्या बाजाराचे. हंगामात आवारात मिरचीच्या गाड्यांमागून गाड्या येतात, म्हणून माल उचलून गोदामात टाकायला दुप्पट हमाल लावलेले असतात. अचानक एका क्षणी सगळी आवक बंद झाली, तरी हमालांना ते कोण सांगणार? ते आपले त्याच वेगाने उचलत राहतात, आणि बघता बघता आवार झाडून रिकामे होते. नाळ कापणे म्हणजे आवक बंद होणे. हमाल म्हणजे इन्सुलिन. आवार म्हणजे रक्त. आणि यातला सर्वांत वाईट भाग हा की गोदामाची किल्लीही त्या हमालांच्याच कंबरेला असते. इन्सुलिन जोरावर असेतो यकृतातील साठा बाहेर पडत नाही, चरबीही वितळत नाही, आणि उपाशी मेंदूला साखरेऐवजी चालवून घेता येईल असे चरबीपासूनचे इंधनसुद्धा तयार होत नाही. कृश बाळाचे गोदामच रिते असते. या बाळाचे गोदाम शिगोशीग भरलेले असून त्याला कुलूप असते. गालांवर हात फिरवून त्या बाळाच्या प्रकृतीचा अंदाज बांधणे किती फोल आहे, हे मला त्या दिवशी कळले.

हमालांचा हा जोर काही तासांचा, फार तर एक-दोन दिवसांचा असतो. बाळाचे शरीर सावकाश हिशेब जुळवून घेते. साखर सर्वांत खाली जाते ती जन्मानंतर पहिल्या एक-दोन तासांत, आणि मधुमेही मातेच्या बाळाला धोका आहे तो मुख्यतः पहिल्या बारा तासांत. म्हणजे आमच्या हातात होते ते एवढेच की त्या अवधीत आवारात थोडी थोडी आवक चालू ठेवायची, आणि आवार किती भरले आहे ते मोजत राहायचे. ऐकायला सोपे. परंतु ज्या तासात आईचे टाके, वारेची वाट, रक्तस्राव, कागदपत्रे आणि नातेवाइकांची पेढ्यांची घाई असते, नेमका तोच तास या बाळाचा असतो.

मोजण्याविषयी एक कबुली द्यायला हवी. नव्या नवजात शिशू कक्षात ग्लुकोमीटर आला तेव्हा आम्ही त्याला देव मानले. एके दुपारी अशाच एका बाळाची साखर मी घेतली, ती १७८ आली. मी समाधानाने नोंद केली. मॅडम फेरीला आल्या, बाळाकडे पाहिले, त्याचा हात उचलून सोडला. तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला. “हे बाळ एकशे अठ्ठ्याहत्तरचं दिसत नाही,” त्या म्हणाल्या, “हात धुऊन दुसऱ्या टाचेतून घ्या.” दुसऱ्या टाचेतून २९ आली. झाले होते असे की शेजारच्या बाळाची डेक्स्ट्रोजची बाटली बदलून मी तशीच, त्याच हातमोज्यांनिशी टाच धरली होती. त्या मोज्यावरची साखर थेंबात मिसळली. त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलीला मी एकच क्रम घालून दिला. आधी हात धुवायचे. बाळाची टाच कोमट ओल्या फडक्याने ऊबदार करायची, कारण गार टाचेतले रक्त साकळते आणि पिळून काढावे लागते. स्पिरिट लावले तर ते पूर्ण वाळू द्यायचे. टाचेच्या मध्यावर नव्हे, तर कडेला टोचायचे, कारण मध्यभागी हाड जवळ असते. पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसरा घ्यायचा.

एवढे करूनही ते यंत्र मोठ्या माणसांसाठी घडवलेले. खालच्या आकड्यांत ते डगमगते, आणि या बाळांचे रक्त पुष्कळदा दाट असते, त्यानेही आकडा खाली ओढला जातो. म्हणून कमी आकडा आला की शिरेतले रक्त प्रयोगशाळेत पाठवावे हे योग्यच. पण त्याच्या उत्तराची वाट पाहत उपचार रोखून धरणे हे मात्र अयोग्य. त्यातही एक मेख आहे. कुपीतले रक्त जिवंत असते. त्यातल्या पेशी वाट पाहता पाहता कुपीतलीच साखर खात बसतात, आणि तासाभराने तपासले तर नसलेली घट दिसते. त्यासाठी फ्लुराइडची निराळी कुपी असते. आमच्याकडे ती नेहमी असेच असे नाही.

दुसरा धडा प्रसूतिकक्षाकडून मिळाला, आणि तो कोणी शिकवला नाही, नोंदवहीनेच शिकवला. एका वर्षी माझ्या ध्यानात आले की ज्या मातांची साखर औषधाने उत्तम आटोक्यात होती, त्यांचीही काही बाळे पहिल्याच तासात ३० च्या आसपास उतरत होती. मी त्या मातांचे जुने कागद काढून बसले. प्रत्येकीला कळांच्या काळात, ‘बाई थकली आहे’ या सद्भावनेने, पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली लावलेली होती, आणि काहींची ती शस्त्रक्रियेपूर्वी घाईने भराभर आत गेलेली होती. अर्ध्या लिटरच्या त्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. नऊ महिने बाईने भाकरी मोजून खाल्ली, आणि शेवटच्या तासाभरात आम्ही ती साखर थेट तिच्या शिरेत ओतली. ती वारेतून पलीकडे गेली, हमाल सावध झाले, आणि लगोलग आम्ही नाळ कापली. ही गोष्ट मी मॅडमना दाखवली, मॅडमनी वरिष्ठांना दाखवली, आणि मधुमेही बाईच्या खाटेवर ‘डेक्स्ट्रोज विचारल्याशिवाय लावू नये’ असा पुठ्ठा टांगण्याचा हुकूम निघाला. इन्सुलिन घेणाऱ्या काही जणींना कळांच्या काळात साखरेचे पाणी द्यावे लागतेच; पण ते तिची साखर तासातासाला मोजून, निव्वळ सवयीने नव्हे.

२०१४ साली केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि २०१८ मध्ये त्या सुधारून आल्या, तेव्हापासून गरोदर बाईला पहिल्या भेटीतच, उपाशी असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त तपासण्याची पद्धत पडली. १४० वा त्याहून अधिक आकडा आला की मधुमेह समजायचा, आणि पहिल्यांदा नाही आला तर चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा पाहायचे. कागदावर हे सोपे दिसते. आठवडी बाजाराच्या दिवशी तपासणीला आलेल्या बाईला ते गोड पाणी पाजून दोन तास बसवून ठेवणे, परतीची जीप निघून जात असताना, हे ज्याने केले त्यालाच कळेल. तरीही या एका तपासणीने आमचे काम पालटले, कारण बाळ जन्मण्यापूर्वीच आम्हांला त्याचे गोदाम आणि हमाल ठाऊक होऊ लागले.

अशाच तपासणीत सापडलेल्या एका बाईचे बाळंतपण मला विस्ताराने सांगायचे आहे, कारण त्यात विशेष असे काहीही घडले नाही.

चांदसैली घाटापलीकडच्या एका पाड्यावरची ती बाई, दुसऱ्या खेपेची, इन्सुलिन चालू असलेली. पावसाळ्यात दरड कोसळली की तो घाट बंद पडतो, म्हणून आशाताईंनी तिला दिवस भरण्याच्या आधीच खाली आणून ठेवले होते. सोबत तिची सासू. ती मूळची शहाद्याकडची, अहिराणी बोलणारी. तिच्या पदराच्या गाठीत गुळाचा एक खडा बांधलेला मी पहिल्याच दिवशी पाहिला, आणि तो कशासाठी हेही ओळखले. पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी बाळ जन्मले. ३ किलो ८०० ग्रॅम. कोरडे पुसून, डोक्याला टोपी घालून ते तसेच उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवले आणि दोघांवर मिळून एक पांघरूण घातले. ही नुसती मायेची रीत नव्हे. बाळ गार पडले की ऊब निर्माण करण्यातच त्याची साखर खर्च होते. वजन, स्नान, नातेवाइकांना दर्शन, हे सगळे मागे ठेवले. ३ वाजून ५ मिनिटांनी बाळाने पहिल्यांदा ओढून प्यायला सुरुवात केली.

३ वाजून ४५ मिनिटांनी पहिला थेंब घेतला. ३३.

आमच्या कक्षाचा नियम भिंतीवर टांगलेला होता. ४५ च्या खाली गेली की सावध व्हायचे. २५ च्या खाली गेली, किंवा आकडा काहीही असो पण बाळ थरथरते, लोळागोळा पडते, निळे होते, पिणे सोडते, तर पाजण्यात वेळ न दवडता शीर शोधायची. आणि या दोहोंच्या मधल्या आकड्याचे बाळ जर टवटवीत असेल तर त्याला पाजायचे आणि तासाभरात पुन्हा मोजायचे. हे बाळ खणखणीत रडत होते, हातपाय आखडून धरत होते. तेव्हा पाजायचे ठरले.

यंत्रावरचा आकडा आजीने पाहिला होता आणि मी तो मॅडमना फोनवर सांगतानाही ऐकला होता. ती पदराची गाठ चाचपत म्हणाली, “सिस्टर, साखर कमी शे ना? मंग गूयनं पानी का बरं नही देवानं?”

इतक्या वर्षांत गुळपाण्यावर मी पुष्कळ जणींना रागावले होते. पण या प्रश्नाला रागावण्याजोगे काय होते? साखर कमी आहे, गुळात साखर आहे. तर्क बिनतोड होता. किंबहुना प्रश्न विचारण्याऐवजी तिने बोट बुडवून चाटवले असते तर मला कळलेही नसते. मी तिला मॅडमचा मिरचीबाजार सांगितला. गुळाचे पाणी म्हणजे एकदम दहा गाड्या आवारात येणे. ते पाहून हमालांना आणखी चेव येतो, ते दहाच्या दहा उचलतात आणि वर आवारात उरलेलेही झाडून नेतात. अर्ध्या तासाने आधीपेक्षा खाली. चिकात साखरेबरोबर स्निग्धांश असतो, प्रथिने असतात. ती आवक हळूहळू आणि पुष्कळ वेळ चालते. शिवाय तेवढेसे पोट पाण्याने भरले तर चीक कोठे मावणार, आणि ते पाणी कोणत्या हंड्यातले? शिरेतून साखर देतानाही आम्ही एकदम ओतून थांबत नाही, थेंबाथेंबाने चालू ठेवतो, ते याच कारणाने. आजीने सगळे ऐकून घेतले आणि अडचण काढली ती खरी होती: सुनेला दूध उतरलेच नाही.

मधुमेही मातेला दूध भरून यायला इतरांहून काहीसा उशीर लागतो हे खरे. पण चीक गरोदरपणातच तयार झालेला असतो. तो थेंबांनी येतो, म्हणून बायकांना ‘नाही’ असे वाटते. मी बाईच्या हातात हात घालून दाखवले: अंगठा आणि बोटे बोंडापासून जरा मागे, काळ्या वर्तुळाच्या कडेशी ठेवायची, आधी छातीकडे आत दाबायची आणि मग एकमेकांकडे आणायची, कातडीवरून घासत ओढायचे नाही. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच आले नाही. नंतर पिवळसर, दाट, मधासारखा एक थेंब आला आणि तेथेच थांबला. आजीने वाटी धरली होती. दहा-बारा मिनिटांत दोन्ही बाजूंनी मिळून वाटीच्या तळाला जे जमले ते सिरिंजने मोजले तर ६ मिलिलिटर भरले. पहिल्या दिवशीच्या पोटाला एका वेळेस तेवढे पुष्कळ होते. ते चमच्याने, ओठांच्या कडेला टेकवून, बाळ जीभ काढील तसतसे पाजले. तेवढेही निघाले नसते तर मॅडमच्या सांगण्यावरून मोजून वरचे दूध दिले असते. पुढचा आकडा उतरता आला असता तर शीर. दोन्हींची तयारी ट्रेमध्ये ठेवलेली होती.

४ वाजून ४५ मिनिटांनी ४१. अजून ४५ च्या खाली, पण दिशा वरची. पुन्हा छातीला लावले, पुन्हा वाटी. साडेसहाला, पाजण्यापूर्वी, ५२. हे ‘पाजण्यापूर्वी’ महत्त्वाचे. पाजल्यावर लगेच मोजलेला आकडा आपल्याला खूश करतो, आणि बाळ दोन पाजण्यांच्या मधली वेळ कशी काढते ते मात्र सांगत नाही. नऊला ५७. बाराला ५५, दोन अंकांनी उतरला म्हणून माझ्या जोडीची मुलगी घाबरली, पण यंत्राची चूकभूलच त्याहून मोठी असते. मधल्या काळात बाळाचे वडील दोनदा येऊन विचारून गेले की सगळे ठीक आहे तर जीपने घाटावर जायचे का, आणि दोनदा त्यांना आजीनेच परत पाठवले. मला काही बोलावे लागले नाही.

दुपारी ३ वाजता सहावा थेंब. ६३. पाजण्यापूर्वीचे लागोपाठ चार आकडे पन्नाशीच्या वर. मी नोंद करीत असताना आजीने बाळाचे दोन्ही पाय उघडे करून टाचांवरचे तांबडे ठिपके मोजले. इकडे तीन, तिकडे तीन. मग तिने पदराची गाठ सोडून गुळाचा तो खडा बाहेर काढला, एकदा सुनेकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि तो स्वतःच्याच तोंडात टाकला.